सहा खजूर, पण केवढे?

नवव्या महिन्यात रोज सहा खजूर खाल्ले की प्रसूती सोपी होते, हा सल्ला आता डोहाळजेवणाच्या ताटापासून फोनवरच्या संदेशांपर्यंत सगळीकडे पोचला आहे. सल्ला अगदीच हवेतला नाही, त्यामागे खरे अभ्यास आहेत. पण ज्या बाईला गरोदरपणात साखर निघाली आहे तिच्यापर्यंत तो पोचतो तेव्हा घरात दोन तट पडतात. सासूबाई म्हणतात, ‘खा, कळा चांगल्या येतील.’ आहारतज्ज्ञ म्हणते, ‘गोड बंद.’ दोघींच्याही म्हणण्यात तथ्य असतं आणि दोघीही एक प्रश्न विचारत नाहीत: खजूर केवढा?

आधी तो सहाचा आकडा आला कुठून ते पाहू. जॉर्डनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाशी संबंधित डॉक्टरांनी २००७ च्या फेब्रुवारीपासून वर्षभर एक पाहणी केली आणि ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ६९ गर्भवतींनी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले, ४५ जणींनी खाल्ले नाहीत. खजूर खाणाऱ्या बायका रुग्णालयात दाखल झाल्या तेव्हा त्यांच्या गर्भाशयाचं मुख सरासरी साडेतीन सेंटिमीटर उघडलेलं होतं, न खाणाऱ्यांचं दोन सेंटिमीटर. खाणाऱ्यांपैकी ९६ टक्के जणींना कळा आपोआप सुरू झाल्या, न खाणाऱ्यांपैकी ७९ टक्के जणींना. कळा आणण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी औषध द्यावं लागण्याचं प्रमाण २८ टक्के विरुद्ध ४७ टक्के होतं. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत यात शंका नाही.

मात्र या पाहणीत कुणी खजूर खायचे आणि कुणी नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. जी बाई महिनाभर नेमाने खजूर खाते ती इतर बाबतींतही नेमाने वागणारी असू शकते, आणि मग श्रेय खजुराचं किती नि तिच्या वागण्याचं किती हे वेगळं काढता येत नाही. पुढे मलेशियात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये तो छापून आला. दोन्ही गटांत ७७-७७ बायका होत्या आणि खाणाऱ्यांना रोज सात खजूर होते. तिथे कळा आपोआप सुरू होण्यात दोन गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. पण सुरू झालेल्या कळा मंदावल्यामुळे औषधाने वाढवाव्या लागण्याचं प्रमाण खजूर खाणाऱ्यांत ३७ टक्के, तर न खाणाऱ्यांत ५० टक्के निघालं. इराणमध्येही असे काही अभ्यास झाले. तिथे ३७व्या आठवड्यापासून रोज ७०-७५ ग्रॅम खजूर दिल्यावर गर्भाशयाचं मुख प्रसूतीसाठी अधिक तयार आढळलं. सगळे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांचा २०२० मधला निष्कर्ष असा, की मुखाची तयारी बरी होते, कळांचा जोरदार टप्पा थोडा आखूड होतो, सिझेरियनचं प्रमाण मात्र बदलत नाही. मूळ अभ्यासांचा दर्जा फारसा वरचा नाही, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

हे अभ्यास जॉर्डन, इराण, मलेशिया अशा देशांतच का झाले, याचं उत्तर सरळ आहे. कुराणातल्या मरियम सूरेत प्रसूतीच्या वेळी मरियम खजुराच्या झाडाखाली असते आणि तिला ताज्या खजुरांचा आधार मिळतो. त्यामुळे गरोदर बाईला खजूर देण्याची रीत त्या समाजांत खोलवर रुजलेली आहे आणि तिथल्या डॉक्टरांना ती तपासून पाहावीशी वाटली. खजूर नेमका कसा काम करतो याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडेच नाही. त्यातले काही घटक ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा परिणाम वाढवत असावेत, असा एक अंदाज आहे. दुसरा अंदाज साधा आहे: कळा देणं हे अंगमेहनतीचं काम आहे आणि खजुरातून त्यासाठी इंधन मिळतं.

आता मुद्द्यावर येऊ. सहा खजूर म्हणजे किती खजूर?

आपल्या बाजारात एकाच नावाखाली जी फळं मिळतात त्यांच्या आकारांत तिपटीहून अधिक फरक असतो. ‘डेग्लेट नूर’ या बारीक, पिवळट तपकिरी जातीचा बी काढलेला खजूर जेमतेम ७ ग्रॅमचा भरतो. त्यात सुमारे ५ ग्रॅम साखर असते. मऊ, काळा, डब्यात मिळणारा किमिया त्याहून थोडा मोठा, साधारण १० ग्रॅमच्या आसपासचा. आणि हल्ली भेटीच्या खोक्यांतून येणारा मेडजूल बीशिवाय सुमारे २४ ग्रॅमचा, त्यात १६ ग्रॅम साखर आणि एकूण १८ ग्रॅम कर्बोदकं. आता सहाने गुणा. सहा डेग्लेट नूर म्हणजे ४२ ग्रॅम गर आणि २५-३० ग्रॅम साखर. सहा मेडजूल म्हणजे १४४ ग्रॅम गर, जवळपास ९६ ग्रॅम साखर आणि ४०० कॅलरी. चहाच्या चमच्यात ५ ग्रॅम साखर मावते असं धरलं, तर पहिल्या बाईने पाच-सहा चमचे साखर खाल्ली आणि दुसरीने एकोणीस. दोघीही डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगतील, ‘रोज सहाच खाते.’

म्हणून नग मोजणं सोडावं आणि ग्रॅम मोजावे, हे माझं मत आहे. घरात स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर काम दोन मिनिटांचं आहे. आपण आणतो त्या खजुरातले दहा नग घ्यावेत, बिया काढाव्यात, गराचं वजन करावं आणि दहाने भागावं. काटा नसेल तर अंदाज पाकिटावरून येतो: निव्वळ वजनाला नगांच्या संख्येने भागायचं आणि बीचे म्हणून दहाव्या हिश्श्याच्या आसपास वजा करायचं. एकदा हा आकडा कळला की पुढे मोजावं लागत नाही, कारण घरात बहुधा एकाच दुकानातून एकाच जातीचा खजूर येतो.

ज्या गर्भवतीला मधुमेह नाही तिच्यासाठी अभ्यासांतला आकडा सरळ वापरता येतो: ३६व्या-३७व्या आठवड्यापासून दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम गर. किमियाच्या आकाराचे सहा-सात झाले, मेडजूलचे तीन. यातून २०० कॅलरींच्या आसपास मिळतात. गरोदरपणात भारतीय बाईने रोजच्यापेक्षा ३५० कॅलरी जास्त घ्याव्यात अशी आपल्याकडची शिफारस आहे. म्हणजे खजुराने त्यातला निम्म्याहून अधिक वाटा उचलला. बाकीच्या ताटात तेवढी कपात झाली नाही तर वजन वाढेल. त्याहून लवकर, पाचव्या-सहाव्या महिन्यापासून, याच हेतूने खजूर खाण्यात अर्थ नाही, कारण अभ्यास शेवटच्या आठवड्यांचेच आहेत. खजूर खाल्ल्याने वेळेआधी कळा येतील ही भीतीही काहींना वाटते. त्याला मात्र पुरावा नाही. सातव्या महिन्यात उपवासाला दोन खजूर खाल्ले म्हणून घाबरून दवाखाना गाठायचं कारण नाही.

जाता जाता लोहाचंही सांगून टाकतो. ‘रक्त वाढतं’ म्हणून खजूर देण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. मऊ खजुरात १०० ग्रॅममागे लोह जेमतेम एखादा मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यातून गर्भवतीला मिळणाऱ्या रोजच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. तेव्हा खजूर खाल्ला म्हणून गोळी सोडणं हा वाईट सौदा आहे. उलट लोहाच्या गोळीने पोट घट्ट होतं, तिथे खजुरातल्या तंतूंचा थोडा उपयोग होतो. त्या दृष्टीने दोघांची जोडी बरी आहे.

आता ज्या बाईला साखर निघाली आहे तिच्याकडे वळू. खरी अडचण तिथे आहे, आणि ती वेळेची आहे.

गरोदरपणात वार काही संप्रेरकं तयार करते, त्यांमुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. यात शरीराचा हेतू बाळाला पुरेशी साखर मिळत राहावी हा आहे. निरोगी बाईचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करून हा फरक भरून काढतं. ज्यांच्या स्वादुपिंडाला तेवढं झेपत नाही त्यांची साखर वाढते आणि त्याला आपण गरोदरपणातला मधुमेह म्हणतो. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात आणि साखर १४० किंवा अधिक आली तर हे निदान होतं. उपाशी असण्याचीही गरज नसते. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान करतात. इन्सुलिनला होणारा हा अडथळा गरोदरपण पुढे सरकतं तसा वाढत जातो आणि शेवटच्या तीन महिन्यांत शिगेला पोचतो. म्हणजे खजूर खायचे ते आठवडे आणि शरीराला साखर सर्वांत कमी झेपते ते आठवडे नेमके एकावर एक येतात.

आईची साखर वाढली की ती वारेतून बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि जादा साखरेची चरबी करून साठवतं. खांद्याभोवती, पोटाभोवती. शेवटचे चार-पाच आठवडे हे तसेही बाळाच्या अंगावर चरबी चढण्याचे असतात. मोठ्या अंगाचं बाळ म्हणजे लांबलेली प्रसूती, खांदा अडकण्याचा धोका आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली जाण्याची भीती. ज्या खजुराने प्रसूती सुलभ व्हावी अशी अपेक्षा होती, त्यानेच साखर बिघडवली तर ती अवघड होण्याची शक्यता वाढते. शिवाय वर सांगितलेल्या अभ्यासांत बहुतेक करून जोखीम नसलेल्या गर्भवती होत्या. त्यांचा सहा-सातचा आकडा साखर असलेल्या बाईला जसाच्या तसा लावायला आधारच नाही.

मग तिने खजूर अजिबात खाऊ नये का? इथे मी आहारतज्ज्ञांतल्या कडक मंडळींशी सहमत नाही. खजूर गोड असला तरी तो साखरेइतका वेगाने रक्तात उतरत नाही. संयुक्त अरब अमिरातीत पाच जातींच्या खजुरांवर एक अभ्यास झाला, तोही २०११ मध्येच प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांत या जातींचा ग्लायसेमिक निर्देशांक ४६ ते ५५ निघाला आणि टाइप २ मधुमेह असलेल्यांत ४३ ते ५३. ग्लुकोजला १०० धरून हे मोजमाप होतं आणि ५५ किंवा त्याखालचं अन्न संथ मानतात. पांढरा पाव यात ७०-७५ च्या आसपास बसतो. कारण असं, की खजुरातली निम्मी साखर फ्रुक्टोज असते. ती आधी यकृताकडे जाते आणि रक्तातलं ग्लुकोज लगेच फारसं वाढवत नाही. उरलेल्या साखरेला खजुरातले तंतू थोडं थांबवतात.

पण हा निर्देशांक वेग सांगतो, प्रमाण सांगत नाही. खजूर संथ असला तरी मेडजूलचे सहा नग खाल्ले तर शंभर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं कधी ना कधी रक्तात येणारच. फ्रुक्टोजही फुकट नाही. जास्त झालं तर यकृत त्याची चरबी करतं आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढू शकतात. ‘खजुराचा निर्देशांक कमी आहे, मधुमेह्यांनी खुशाल खावा’ असं छापणारे लोक अर्धंच वाक्य वाचतात.

मधुमेहाच्या आहारात हिशेबाचं एक माप वापरतात: १५ ग्रॅम कर्बोदकांचा एक वाटा. एक लहान फुलका म्हणजे साधारण एक वाटा. खजुराच्या बाबतीत २० ग्रॅम गर म्हणजे एक वाटा. बारीक खजूर असेल तर तीन नग, किमिया असेल तर दोन, आणि मेडजूल असेल तर एकही पूर्ण नाही. साखर असलेल्या गर्भवतीसाठी मला शहाणपणाचा वाटणारा आकडा हाच आहे: दिवसातून एकदा एक वाटा, म्हणजे २० ग्रॅम गर. मीटरने होकार दिला आणि डॉक्टरांची हरकत नसली तर दुपारी एक आणि रात्री जेवणाआधी बऱ्याच अंतराने एक असे दोन. त्यापुढे नाही. आणि तोही ताटातल्या एखाद्या कर्बोदकाच्या बदल्यात, वर जास्तीचा म्हणून नव्हे.

वेळही महत्त्वाची आहे. सकाळी शरीरातल्या इतर संप्रेरकांमुळे इन्सुलिनला होणारा अडथळा अधिक असतो. बऱ्याच गर्भवतींची नाश्त्यानंतरचीच साखर सगळ्यात हट्टी असते. म्हणून उठल्याबरोबर उपाशीपोटी खजूर आणि दूध हा आपला लाडका प्रकार या बायकांसाठी सगळ्यात चुकीच्या वेळी येतो. दुपारी चार-पाचच्या सुमाराला, मूठभर शेंगदाणे किंवा सात-आठ बदामांबरोबर खाल्लेला खजूर बरा. दाण्यांतली प्रथिनं आणि स्निग्धांश यांमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि साखरेचा चढ बसका होतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते धरले आहेत. एक बाई ३७व्या आठवड्यात आहे, साखर फक्त आहारावर आटोक्यात आहे आणि घरी ग्लुकोमीटर आहे. तिच्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादा नेहमीच्या आहेत: उपाशीपोटी ९५ च्या खाली, खाणं सुरू केल्यापासून एका तासाने १४० च्या खाली, दोन तासांनी १२० च्या खाली. संध्याकाळी पाचला ती एक वाटी कांदेपोहे खाते. त्यात अंदाजे ३० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दोन वाटे. तिच्याकडच्या किमियाच्या गराचं वजन नगाला १० ग्रॅम भरलं आहे.

पहिल्या दिवशी तिने अर्धी वाटी पोहे, दोन किमिया आणि थोडे शेंगदाणे घेतले. एकूण वाटे दोनच राहिले. खाण्याआधी साखर ९२ होती, एका तासाने १२६. ठीक. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते, पोहे पूर्ण वाटीभर झाले आणि वर दोन किमिया. आता वाटे तीन. आधी ९०, नंतर १४९. तिसऱ्या दिवशी डोहाळजेवणाला आलेलं मेडजूलचं खोकं उघडलं गेलं आणि पोह्यांना हात न लावता तिने तीन नग खाल्ले. ‘आज फक्त फळच खाल्लं’ असं तिला वाटलं, पण ५४ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे साडेतीन वाट्यांहून अधिक पोटात गेली आणि आकडा १६० च्या वर गेला. खजूर तिन्ही दिवस होता, पण पहिल्या दिवशी तो कुणाच्या तरी जागी बसला होता आणि नंतरच्या दोन दिवशी तो बेहिशेबी होता. पहिल्या दिवसाचा प्रयोग तिने आणखी दोन-तीनदा करून पाहावा, कारण घरगुती मीटरचं वाचन थोडं मागेपुढे होतच असतं. तीनही वेळा १४० च्या आत राहिली तर दोन किमिया तिला मानवतात असं समजायला हरकत नाही. एकदा आत आणि दोनदा बाहेर गेली तर एक किमिया करून पाहावा किंवा सोडून द्यावा. प्रसूतीवर होणारा फायदा एवढा मोठा नाही की त्यासाठी साखर पणाला लावावी.

या तपासणीत एक गंमतीची चूक फार जण करतात. खजूर खाल्ल्यावर बोटं चिकट राहतात आणि त्याच बोटाला सुई टोचली की त्वचेवरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते. मीटर मग २०० च्या वर काहीही दाखवतो आणि घरात घबराट उडते. सॅनिटायझर चोळून हे टळत नाही. साबणाने हात धुवून, पूर्ण कोरडे करून मगच टोचायचं.

जी बाई इन्सुलिन घेते तिचा हिशेब वेगळा आहे. तिचा डोस ठरलेल्या जेवणावर बसवलेला असतो. तिने खजूर सुरू करायचा तर डॉक्टरांना आधी सांगावं आणि तो रोज त्याच वेळी, तेवढाच खावा. आज तीन आणि उद्या शून्य, असं झालं तर डोस चुकतो. आणि साखर ७० च्या खाली गेली, हातापायाला कंप सुटला, घाम आला, तर अशा वेळी खजूर हा पहिला उपाय नव्हे. चावावा लागतो, तंतू असतात, वेळ लागतो. ग्लुकोजची पूड किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. प्रवासात दुसरं काहीच हाताशी नसेल तर खजूर अर्थातच चालेल.

गरोदरपणाशी संबंध नसलेल्या, नेहमीच्या टाइप २ मधुमेह्यांसाठी बहारीनमध्ये झालेले दोन अभ्यास उपयोगी आहेत. एकात शंभर रुग्णांपैकी निम्म्यांना सोळा आठवडे रोज तीन खजूर दिले. त्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणजे एचबीए१सीमध्ये, फरक पडला नाही आणि एकूण कोलेस्टेरॉल थोडं उतरलं. दुसऱ्यात बारा आठवडे एका गटाला रोज ६० ग्रॅम खजूर आणि दुसऱ्याला तेवढेच मनुके दिले. तिथेही एचबीए१सी हलली नाही. दोन्हींतून मी एवढंच घेतो, की साखर बऱ्यापैकी ताब्यात असलेल्या माणसाने दिवसाला दोन-तीन लहान खजूर किंवा एक मेडजूल, दुसऱ्या गोडाच्या किंवा अर्ध्या-एका पोळीच्या जागी खाल्ला तर आभाळ कोसळत नाही. जेवणानंतरच्या गुलाबजामच्या जागी खजूर आला तर सौदा फायद्याचाच. पण ज्यांची उपाशीपोटीची साखरच रोज २०० च्या आसपास आहे, त्यांनी ती खाली येईपर्यंत खजुराचा विचार बाजूला ठेवावा. आणि मधुमेहाबरोबर मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्तात पोटॅशियम वाढतं असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर दोन नगही विचारूनच. एका मेडजूलमध्ये १६० मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंड थकलं असेल तर ते बाहेर टाकायला शरीराला जड जातं.

मधुमेह्यांना सर्वांत जास्त फसवतो तो ‘शुगर फ्री’ म्हणून मिळणारा खजूर-ड्रायफ्रूटचा लाडू. वरून साखर घातलेली नसते हे खरं. पण २५० ग्रॅम खजुरात १०० ग्रॅम बदाम-काजू घालून त्याचे चौदा लाडू वळले, तर एका लहानशा लाडवात १८ ग्रॅम खजूर आणि साडेअकरा ग्रॅमच्या आसपास साखर आली. म्हणजे दोन चमचे साखरेहून जास्त. खजुराचा वाटून केलेला लगदा नुसत्या खजुरापेक्षा लवकर संपतो आणि एकावर थांबता येत नाही, हा आणखी एक तोटा. सरबतात, दुधात, ‘खजूर सिरप’मध्ये तर चावायचंही काम उरत नाही आणि सिरपमधून तंतूही बहुतेक गाळले जातात.

खारकेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या घरांत खजुराइतकीच ती असते. पूर्ण सुकवल्यामुळे तिच्यात पाणी कमी आणि ग्रॅममागे साखर खजुराइतकी किंवा थोडी जास्तच. खारकेची पूड दुधात घालताना माप चमच्याचं असतं आणि दोन चमचे कधी चार होतात ते कळत नाही. उलट जून-जुलैत मुंबई-पुण्यात गाड्यांवर दिसणारी कच्छची पिवळी किंवा लाल ताजी खारीक ही अजून न सुकलेली, रसरशीत, कुरकुरीत फळं असतात. त्यांत पाणी भरपूर असल्यामुळे एवढ्याच वजनात साखर बरीच कमी. मोसमात मिळाली तर मधुमेह्याला सुक्या खजुरापेक्षा तीच बरी.

बाळंतपण झालं की वार बाहेर पडते आणि बहुतेक जणींची साखर काही दिवसांत जागेवर येते. नेमकं तेव्हाच घरात डिंकाचे लाडू सुरू होतात: गूळ, खारकेची पूड, तूप, खोबरं, आणि प्रेमापोटी सकाळ-संध्याकाळ एकेक. ज्या बाईला गरोदरपणात साखर निघाली होती तिने लाडू बंद करायची गरज नाही, पण गूळ निम्मा आणि लाडू सुपारीएवढा असावा. सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते. बाळाच्या लसीची तारीखही त्याच सुमाराला येते, म्हणून दोन्ही कामं एका फेरीत उरकता येतात. ही तपासणी बहुतेक जणी विसरतात. अशा बायकांना पुढच्या वर्षांत टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे पहिली तपासणी चांगली आली तरी पुढेही वर्षातून एकदा साखर पाहत राहावी लागते.